स्टिकी नोटमधला मजकूर कट केला, वर दुसरंच कॉपी झालं, आणि नोटही बंद केली: आता काय?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त मी विंडोज ११ च्या पिवळ्या स्टिकी नोटमध्ये मराठीत लिहीत होतो. पूर्ण झाल्यावर Ctrl+A, Ctrl+X केलं, वर्डमध्ये पेस्ट करणार एवढ्यात फोन आला. बोलताना कुणाचा तरी खाते क्रमांक कॉपी केला आणि रिकामी झालेली नोट बंद केली. पेस्ट करायला गेलो तर फक्त खाते क्रमांक येतोय. कॉम्प्युटर अजून चालू आहे. काही परत मिळेल का?

उत्तर:

मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण पुढच्या काही मिनिटांत तुम्ही काय करत नाही यावर ती अवलंबून आहे. कॉम्प्युटर रीस्टार्ट करू नका. स्टिकी नोट्स पुन्हा उघडून शोधत बसू नका. वाय-फाय बंद करा किंवा केबल काढा. तुमचा मजकूर दोन ठिकाणी असू शकतो. एक ठिकाण मेमरीत आहे, ते रीस्टार्टने पुसलं जातं. दुसरं डिस्कवर आहे, ते स्टिकी नोट्सने पुन्हा लिहायला सुरुवात केली की पुसलं जातं. म्हणून दोन्हीकडे हात लावण्याआधी थांबायचं.

आधी मेमरीतलं बघू, कारण त्याला दहा सेकंद लागतात. एक कोरं नोटपॅड उघडा, कर्सर त्यात ठेवा आणि Win+V दाबा. क्लिपबोर्ड हिस्टरी चालू असेल तर छोटी खिडकी उघडेल. त्यात सर्वात वर खाते क्रमांक आणि त्याखाली तुमचं इतिवृत्त दिसायला हवं. यादीत मजकुराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, त्यावरून तो अर्धवट आहे असं समजू नका. क्लिक केलं की सगळा उतरतो. कट केलेलं आणि कॉपी केलेलं यात ही हिस्टरी फरक करत नाही, त्यामुळे Ctrl+X ची काळजी नको. नोटपॅडमध्ये उतरला की लगेच सेव्ह करा, वेगळ्या नावाने पेनड्राइव्हवरही ठेवा, आणि पुढचं वाचायची गरज नाही.

ही सोय विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून आहे, पण ती आपोआप चालू नसते. Win+V दाबल्यावर यादीऐवजी Turn on असं बटण दिसलं तर हिस्टरी बंद होती. ते बटण आत्ता दाबून मागचं काही येत नाही, यापुढचं साठायला सुरुवात होते. असं का, हे थोडं समजून घेतलं तर पुढचा बराच वेळ वाचेल. विंडोजचा मूळ क्लिपबोर्ड एकाच वेळी एकच वस्तू धरतो. दुसरं काही कॉपी करताना तो प्रोग्रॅम विंडोजला आधी 'क्लिपबोर्ड रिकामा कर' असं सांगतो, जुन्या मजकुराची मेमरी मोकळी होते, आणि मग नवा मजकूर ठेवला जातो. जुन्याची नोंद कुठेही राहत नाही. क्लिपबोर्ड हिस्टरी ही वेगळी सेवा आहे, जी प्रत्येक वेळी आपली प्रत बाजूला ठेवते. ती सेवा तेव्हा चालू नसेल तर प्रत बनलेलीच नाही. 'क्लिपबोर्ड रिकव्हरी' नावाने मिळणारी सॉफ्टवेअर हे अंतर भरून काढू शकत नाहीत. आधीपासून बसवलेला क्लिपबोर्ड मॅनेजर असता तर त्याचा उपयोग झाला असता. नंतर बसवलेल्याचा नाही.

हिस्टरी चालू असूनही मजकूर दिसत नसेल तर एक कारण संभवतं. यादी २५ नोंदींपुरतीच असते, त्यामुळे फोननंतर तुम्ही बरंच कॉपी-पेस्ट केलं असेल तर जुनी नोंद खालून गळली असेल. पिन केलेल्या नोंदी मात्र गळत नाहीत आणि रीस्टार्टनंतरही राहतात.

त्या वेळी वर्ड उघडं होतं असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, तर आणखी एक ठिकाण बघून घ्या. Home टॅबवर डावीकडे Clipboard या गटाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो, तो दाबा. ऑफिसचा स्वतःचा क्लिपबोर्ड असतो, त्यात २४ नोंदी मावतात आणि बाहेरच्या प्रोग्रॅममधून कॉपी केलेलंही तो उचलतो. अट अशी की तो कप्पा आधीपासून उघडा असायला हवा, किंवा 'न दाखवता साठव' अशा अर्थाचा पर्याय आधी निवडलेला हवा. बहुतेकांकडे तसं नसतं. तरी बघायला काही जात नाही.

आता डिस्ककडे येऊ. माझ्या अनुभवात अशा प्रसंगात खरा मजकूर सापडतो तो इथेच, आणि बहुतेक लोक इथवर पोचेपर्यंत तो पुसून बसलेले असतात.

स्टिकी नोट्समध्ये सेव्हचं बटण नाही, कारण तुम्ही टाइप करत असतानाच ती लिहिलेलं डिस्कवर टाकत असते. विंडोज १० आणि ११ च्या नेहमीच्या स्टिकी नोट्स ॲपचा सगळा साठा एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असतो. फाइलचं नाव plum.sqlite. तिच्या शेजारी बहुधा आणखी दोन फाइली दिसतात, plum.sqlite-wal आणि plum.sqlite-shm. आपल्याला सर्वात जास्त रस आहे तो मधल्या -wal फाइलमध्ये.

ती दुकानातल्या कच्च्या वहीसारखी चालते. बदल आधी तिच्यात शेवटी जोडले जातात, आणि पुरेसे साठले की मुख्य फाइलमध्ये उतरवले जातात. हे उतरवणं सर्वसाधारणपणे हजारेक पानं, म्हणजे सुमारे ४ एमबी भरल्यावर होतं. प्रत्येक पान ४०९६ बाइटचं असतं, आणि नोटमध्ये थोडाही बदल झाला की ते आख्खं पान नव्याने वहीत लिहिलं जातं. जुनं पान मागे तसंच पडून राहतं. त्यामुळे तुम्ही तासभर लिहीत होतात तर तुमच्या इतिवृत्ताच्या वाढत गेलेल्या अनेक आवृत्त्या त्या फाइलमध्ये एकामागून एक असण्याची शक्यता आहे. Ctrl+X नंतरची रिकामी नोट ही त्यातली फक्त शेवटची.

ही वही पुसली जाते दोन प्रकारे. एक, बदल मुख्य फाइलमध्ये उतरले की नवं लिखाण पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतं आणि जुन्या आवृत्त्यांवर चढतं. दोन, ॲपने डेटाबेस नीट मिटला तर -wal फाइलच काढून टाकली जाते. म्हणून मी सुरुवातीला स्टिकी नोट्स उघडू नका म्हटलं. उघडून, चार नोटा चाळून, पुन्हा बंद केल्या की दोन्ही धोके एकदम येतात.

तर प्रत काढायची. स्टार्टमध्ये cmd टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. पॉवरशेल नको, तिथे खालच्या ओळीतली टक्क्याची चिन्हं चालत नाहीत. पेनड्राइव्हचं अक्षर E असेल असं धरून:

```
robocopy "%LocalAppData%\Packages\Microsoft.MicrosoftStickyNotes_8wekyb3d8bbwe\LocalState" "E:\nota-1" plum.sqlite* /r:1 /w:1
```

शेवटचे दोन भाग विसरू नका. ते नसतील आणि एखादी फाइल अडलेली असेल तर ही कमांड दर अर्ध्या मिनिटाने प्रयत्न करत जवळजवळ अनंतकाळ बसून राहते. फाइल खरोखर अडली असेल तर टास्क मॅनेजर उघडून स्टिकी नोट्सवर End task करा आणि पुन्हा कॉपी करा. नेहमीसारखं बंद करण्यापेक्षा End task बरं, कारण त्यात ॲपला आवरसावर करायला, म्हणजेच वही पुसायला, वेळ मिळत नाही. एकदा फाइली आल्या की nota-1 फोल्डरची आणखी एक प्रत nota-2 नावाने करा. काम फक्त nota-2 वर. हे उगाच सांगत नाही. डेटाबेस पाहण्याचा कुठलाही प्रोग्रॅम प्रत उघडून बंद करताना -wal आत जिरवून टाकू शकतो, आणि मग त्याच फाइलमधल्या जुन्या आवृत्त्या गेल्या.

इथे थांबून फाइलींची तारीख-वेळ बघा. plum.sqlite वर जुनी तारीख असेल तर घाबरू नका, नवं लिखाण वहीत असल्याने मुख्य फाइल मागे राहते. -wal वर आजची वेळ असायला हवी. तिन्हींपैकी कशावरच आजची वेळ नसेल किंवा फोल्डरच नसेल, तर तुम्ही बहुधा वननोटसोबत येणारी नवी स्टिकी नोट्स वापरत आहात, जी Win+Alt+S ने उघडते. तिचा साठा या फाइलमध्ये नसतो. मग खाली सिंकबद्दल जे लिहिलंय तेवढाच मार्ग उरतो.

आता शोध. nota-2 मधली plum.sqlite-wal फाइल नोटपॅड++ मध्ये उघडा. समोर बराच कचरा दिसेल, काळ्या चौकटीत NUL NUL लिहिलेलं असेल. ते ठीक आहे. मराठी मजकूर या फाइलमध्ये यूटीएफ-८ या अक्षरसंकेत पद्धतीत असतो आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. नोटपॅड++ ने फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये उघडली असेल तर तुमच्या वाक्यांच्या जागी à¤ आणि à¥ अशा जोड्या सलग दिसतील. त्या जोड्या दिसणं ही चांगली बातमी आहे, कारण देवनागरीच्या खुणा त्याच. वरच्या Encoding मेनूतून UTF-8 निवडा, त्या जोड्यांचं मराठी होईल. फाइल सेव्ह मात्र करू नका.

इंग्रजी मजकुरासाठी इंटरनेटवर बऱ्याचदा Strings नावाचं छोटं साधन सुचवलेलं दिसतं. मराठीसाठी त्याच्या नादी लागू नका. ते साधी इंग्रजी अक्षरं आणि यूटीएफ-१६ ओळखतं, यूटीएफ-८ मधली देवनागरी त्याला कचराच वाटते, आणि 'काही सापडलं नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

Ctrl+F घेऊन शोधा, पण शब्द विचारपूर्वक निवडा. 'थकबाकी' चांगला, 'लिफ्ट' चालेल. 'पदाधिकाऱ्यांनी' किंवा 'दुसऱ्या' नको, कारण त्यातला ऱ्य वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या संकेतांनी टाइप होतो. डोळ्यांना तोच दिसतो पण शोधात जुळत नाही. आकडेही सावधपणे घ्या. नोटेत तुम्ही मराठी आकडे टाइप केले होते की इंग्रजी, हे आठवत नसेल तर शब्दावरच भिस्त ठेवा.

'थकबाकी' सापडला की त्याच्या आसपास असं काहीतरी दिसेल: आधी \id= आणि त्याला लागून अक्षर-आकड्यांची लांब ओळख, मग तुमचं वाक्य, मग पुन्हा \id= आणि पुढचा परिच्छेद. ही ओळख स्टिकी नोट्स प्रत्येक परिच्छेदाला देते, ती तुमच्या मजकुराचा भाग नाही, नंतर खोडायची. 'पुढचा शोधा' दाबत राहा. तेच वाक्य पुन्हा पुन्हा सापडेल, आणि दर वेळी त्यानंतरचा मजकूर थोडा वाढलेला असेल. पहिल्यावर समाधान मानून थांबू नका. तुम्हाला हवी ती सर्वात लांब आवृत्ती, आणि ती फाइलमध्ये सर्वात खाली असेलच असं नाही, कारण वही मध्ये एकदा पहिल्या पानापासून पुन्हा सुरू झालेली असू शकते. ओळख पटवायला सभेच्या शेवटचा ठराव शोधा, म्हणजे 'आभार' किंवा तुम्ही जे शेवटी लिहिलं असेल ते. ज्या आवृत्तीत तो आहे ती पूर्ण.

एका गोष्टीसाठी मात्र मनाची तयारी ठेवा. तीन बाइटच्या हिशेबाने एका पानावर देवनागरीची साधारण तेराशे अक्षरचिन्हं मावतात, तीही काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरून. दोनशे शब्दांच्या पुढचं इतिवृत्त एका पानात बसणं कठीण. मग डेटाबेस त्याचे तुकडे करतो: सुरुवात एका पानावर, उरलेला भाग दुसऱ्या पानांवर, आणि ती पानं वहीत शेजारी असतीलच असं नाही. वाक्य मध्येच तुटून कचरा सुरू झाला, किंवा अक्षराच्या जागी � आलं, तर मजकूर खराब झालेला नाही, पान संपलं आहे. पुढच्या ठरावातला एखादा शब्द घेऊन नव्याने शोधा, दुसरा तुकडा वेगळीकडे सापडेल. जोडताना सांध्यावरचं एखादं अक्षर हाताने भरावं लागतं. सुरुवात, मधला आणि शेवट असे तीन शब्द आधीच ठरवून घेतले तर हे काम सोपं जातं.

-wal मध्ये काहीच मिळालं नाही तर मुख्य plum.sqlite हीच फाइल त्याच पद्धतीने उघडून तोच शब्द शोधा. डेटाबेसमधली ओळ पुसली की तिची जागा 'मोकळी' म्हणून नोंदली जाते, पण त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुने बाइट बहुतेक वेळा तिथेच असतात. अशी मोकळी पानंही वाचून काढणारी आज्ञा एसक्यूलाइटच्या स्वतःच्या कमांड-लाइन साधनात आहे:

```
sqlite3 plum.sqlite ".recover" > sapadle.sql
```

sapadle.sql मध्ये lost_and_found या नावाखाली जे पडेल ते बघा. पण ही आज्ञा वहीतल्या जुन्या आवृत्त्या दाखवत नाही, ती डेटाबेसची शेवटची अवस्थाच धरून चालते. तुमच्या नोटेची शेवटची अवस्था रिकामी आहे. म्हणून क्रम हाच ठेवा: आधी -wal डोळ्यांनी, मग मुख्य फाइल, मग ही आज्ञा, आणि तीही नव्या प्रतीवर.

नोट रिकामी न करता नुसती बंद केलेली असती तर यातलं काहीच लागलं नसतं. आताच्या स्टिकी नोट्समध्ये × म्हणजे फक्त खिडकी बंद. नोट यादीत असते, ... वर जाऊन Notes list उघडली की डबल-क्लिकने परत येते. विंडोज ७ मध्ये × दाबणं म्हणजे नोट डिलीट करणं होतं, त्या सवयीमुळे अजून बरेच जण बंद केलेली नोट गेली असं समजून नव्याने लिहायला बसतात.

आता सिंक. स्टिकी नोट्समध्ये तुम्ही मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं असेल तर नोटा त्याच खात्यावर चढतात, आणि फोनवरच्या वननोटमध्ये किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर उतरतात. म्हणूनच इंटरनेट काढायला सांगितलं. रिकामी नोट वर पोचली की ती सगळीकडे रिकामी होणार. फोनवर वननोट असेल तर आधी विमान मोड चालू करा आणि मगच ते उघडा. फोनने शेवटचं सिंक तुमच्या Ctrl+X च्या आधी केलेलं असेल तर भरलेली नोट तिथे दिसेल. लगेच स्क्रीनशॉट घ्या, मग मजकूर कॉपी करून फोनच्याच साध्या नोटमध्ये ठेवा. ज्यांची भरलेली नोट डिलीट झाली आहे त्यांनी त्याच खात्याच्या आउटलुकमधलं डिलीटेड आयटम्सही चाळावं, सिंक झालेल्या नोटा डिलीट झाल्यावर अनेकदा तिथे सापडतात. तुमच्या बाबतीत नोट आधी रिकामी झाली, त्यामुळे तिथे सापडलीच तरी कोरी असेल.

फोल्डरच्या गुणधर्मांत Previous Versions नावाचा टॅब असतो, त्याबद्दलही कुणीतरी सांगेल. तिथे जुनी प्रत असेल तर ती मागच्या रीस्टोअर पॉइंटच्या वेळची असते. आठवड्याभरापूर्वी लिहिलेल्या नोटेसाठी ठीक, आज सकाळी लिहिलेल्या इतिवृत्तासाठी नाही.

मजकूर मिळाला की तो सरळ वर्डमध्ये ठेवा. जुनी plum.sqlite मूळ फोल्डरमध्ये परत टाकून नोट 'जिवंत' करायचा प्रयत्न करू नका. सिंक चालू असेल तर सर्व्हरवरची रिकामी नोट आणि तुमची फाइल यांत गोंधळ होतो, आणि त्यात बाकीच्या नोटाही सापडू शकतात. वर्डमध्ये \id= पासून पुढच्या मोकळ्या जागेपर्यंतचा भाग काढायला 'शोधा आणि बदला' मध्ये वाइल्डकार्ड चालू करून `\\id=[0-9a-fA-F\-]@ ` शोधा (शेवटी एक मोकळी जागा आहे) आणि बदलायची जागा रिकामी ठेवा. सगळे ठराव, सूचक-अनुमोदकांची नावं आणि रकमा सभेच्या कच्च्या टिपणांशी ताडून घ्या, कारण आधीच्या आवृत्तीतला तुकडा शेवटच्या आवृत्तीला जोडला गेला असेल तर तो नेमका अशाच ठिकाणी लक्षात येतो. हे ताडून झाल्यावरच वाय-फाय पुन्हा लावा आणि स्टिकी नोट्स उघडा.